गोळी वाढवायची की दुसरी जोडायची?

सांगलीतला एक किराणा दुकानदार. वय ५२, आठ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी चालू, वडिलांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आलेला. हे उदाहरण रचलेलं आहे, पण असा रिपोर्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही लॅबमध्ये रोज निघतो. एकूण कोलेस्टेरॉल २३२, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २८०, एलडीएल १४२. घरातल्या सगळ्यांची नजर पहिल्यांदा जाते ती ट्रायग्लिसराइडच्या २८० वर, कारण तो आकडा सगळ्यात मोठा दिसतो. पुष्कळदा औषधाच्या चिठ्ठीवरही तोच परिणाम दिसतो. स्टॅटिन आणि फेनोफायब्रेट एकत्र असलेली गोळी पहिल्याच भेटीत लिहिली जाते.

इथे थोडं थांबायला हवं. या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना खरा धोका आहे तो एलडीएलपासून. त्याच्या जोडीला आणखी एक आकडा पाहायचा. तो रिपोर्टवर छापलेला नसला तरी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की मिळतो. २३२ मधून ३४ गेले, उरले १९८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना रक्तात एलडीएलखेरीज इतरही घातक कण फिरत असतात, त्या सगळ्यांची मोजदाद यात होते. पोट सुटलेलं, साखर चढलेली, एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त हे चित्र दक्षिण आशियाई लोकांत फार दिसतं, म्हणून आपल्याकडे या वजाबाकीला विशेष महत्त्व आहे.

दक्षिण आशियाई असणं हीच धोका मोजताना दखल घेण्याजोगी बाब आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी आलेला आढळला. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या वंशाची गणना धोका वाढवणाऱ्या घटकांत केली. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितलेली लक्ष्यं अशी: जास्त धोका असलेल्यांचं एलडीएल ७० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली हवं, तर झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या रुग्णांचं ५५ आणि ८५ च्या खाली. आपला दुकानदार पहिल्या गटात बसतो. १४२ वरून ७० च्या खाली जायचं म्हणजे एलडीएल निम्म्याहून थोडं अधिक उतरवायचं.

आता ताकदीचा प्रश्न. अटोरव्हास्टॅटिन १० किंवा २०, रोसुव्हास्टॅटिन ५ किंवा १० मिलिग्रॅम हा मध्यम डोस. त्याने एलडीएल ३० ते ४९ टक्के उतरतं. अटोरव्हास्टॅटिन ४० किंवा ८० आणि रोसुव्हास्टॅटिन २० किंवा ४० हा जोरदार डोस. त्यात घट ५० टक्के किंवा त्याहून जास्त. झटका आला असेल, स्टेंट बसला असेल, तर बहुतेकांना पहिल्यापासून जोरदार डोसच हवा. ‘आशियाई माणूस आहे, कमीच देऊ’ या विचाराने अशा रुग्णाला वर्षानुवर्षं अटोरव्हास्टॅटिन १० वर ठेवणं योग्य नाही.

तरीही त्या सावधगिरीमागे एक खरी गोष्ट आहे आणि ती मुख्यतः रोसुव्हास्टॅटिनची आहे. सिंगापूरमधल्या एका अभ्यासात तोच डोस घेतल्यावर भारतीय वंशाच्या लोकांच्या रक्तात हे औषध गोऱ्या लोकांच्या सुमारे दीडपट, तर चिनी वंशाच्या लोकांत दुपटीहून जास्त आढळलं. त्यामुळे अमेरिकेत आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याची सूचना २००५ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात आली. ब्रिटनमध्ये ४० चा डोस आशियाई वंशाच्या लोकांना देऊच नये असं सांगितलं जातं. दुसरीकडे अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्या ७४० दक्षिण आशियाई रुग्णांवर झालेल्या ‘आयरिस’ चाचणीत सहा आठवड्यांत रोसुव्हास्टॅटिन १० ने एलडीएल ४५ टक्के उतरलं, २० ने ५० टक्के, आणि औषधं चांगली सोसली. थोडक्यात, ५ किंवा १० पासून निघावं, गरज असेल तर २० पर्यंत जावं आणि ४० च्या वाटेला जाऊ नये.

दुकानदाराला रोसुव्हास्टॅटिन १० सुरू होतं. त्याआधी थायरॉइडची तपासणी करून घेतलेली बरी. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच चढतं आणि स्टॅटिनमुळे स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. यकृताची एक एएलटी चाचणीही करायची. सहा आठवड्यांनी रिपोर्ट येतो: एलडीएल ७८, ट्रायग्लिसराइड २१०, नॉन-एचडीएल १२०. छान उतार, पण लक्ष्य अजून गाठलेलं नाही.

पुढे काय? डोस दुप्पट करावा असं सहज सुचतं. पण स्टॅटिनचा डोस दर वेळी दुप्पट केला की एलडीएलमध्ये मूळ आकड्याच्या जेमतेम सहा टक्क्यांची भर पडते. १४२ चे सहा टक्के म्हणजे आठ-नऊ अंक. ७८ चे ७० होतील, त्याहून खाली जाणार नाही. नॉन-एचडीएलही मागेच राहील.

एझेटिमाइब १० मिलिग्रॅम वेगळ्या जागी काम करतं. स्टॅटिनने यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखली की आतडं जास्त कोलेस्टेरॉल शोषू लागतं. एझेटिमाइब नेमकं हे शोषण अडवतं आणि उरलेलं एलडीएल आणखी २० ते २५ टक्के उतरवतं. ७८ चे ६० च्या आसपास येतात. कोरियात ३,७८० हृदयरुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेसिंग’ चाचणीत रोसुव्हास्टॅटिन १० अधिक एझेटिमाइब हे रोसुव्हास्टॅटिन २० च्या तोडीचं ठरलं. त्रासामुळे औषध थांबवावं किंवा कमी करावं लागलेल्यांचं प्रमाण जोडगोळीत ४.८ टक्के होतं, तर एकट्या मोठ्या डोसवर ८.२ टक्के. ते रुग्ण आशियाई असले तरी दक्षिण आशियाई नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही दुकानदारासाठी हाच मार्ग पटतो.

तीन महिन्यांनी त्याचं एलडीएल ६०, नॉन-एचडीएल ९४, ट्रायग्लिसराइड १७०. साखर आटोक्यात आली, संध्याकाळची फरसाणाची वाटी सुटली, त्याचाही यात वाटा आहे. घरातले विचारतात, “ट्रायग्लिसराइड अजून दीडशेच्या वर आहे ना, मग त्याची वेगळी गोळी नको का?” नको. ‘अकॉर्ड’ चाचणीत २०१० साली मधुमेहींना स्टॅटिनवर फेनोफायब्रेट जोडून पाहिलं, पण एकूण रुग्णांत झटके कमी झाले नाहीत. २०२२ मध्ये ‘प्रॉमिनंट’ चाचणीत पेमाफायब्रेट या नव्या औषधाने दहा हजारांहून अधिक रुग्णांचं ट्रायग्लिसराइड चतुर्थांशाने घटवलं, तरी हृदयाला फायदा दिसला नाही. उलट पायात गुठळ्या होण्याचे आणि मूत्रपिंडाच्या तक्रारींचे प्रकार वाढले.

फायब्रेटची खरी जागा वेगळी आहे. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर, आणि विशेषतः हजाराच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. रक्ताचा नमुना स्थिर ठेवला की वरचा द्रव दुधासारखा पांढुरका दिसतो. ४०० च्या वर गणिताने काढलेलं एलडीएलही भरवशाचं राहत नाही. अशा वेळी आधी कारण शोधायचं: दारू, बेलगाम साखर, मंद थायरॉइड, स्टेरॉइडसारखी औषधं. सोबत आहारातली चरबी कडक कमी करून फेनोफायब्रेट सुरू करायचं. जेमफायब्रोझिल मात्र स्टॅटिनसोबत देऊ नये. ते स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं आणि स्नायूंची हानी होण्याची भीती असते.

फेनोफायब्रेट घेणाऱ्याचं क्रिएटिनिन थोडं चढतं आणि औषध थांबवल्यावर बहुधा पूर्ववत होतं. म्हणून सुरू करण्याआधी आणि त्यानंतर काही आठवड्यांनी ते मोजायचं. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर डोस घटवायचा, फारच कमजोर असेल तर हे औषध टाळायचं. आणि स्टॅटिन चालू असताना दोन्ही मांड्या किंवा खांदे सारखे दुखू लागले, अशक्त वाटलं, लघवी चहासारखी गडद झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता गोळी बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि सीके ही रक्तचाचणी करून घ्यायची.