खरखरीत पाठीच्या भिंतीवरील सक्रिय रेटा : पाचर-उपपत्ती व सरक-प्रतल-उपपत्ती

धारक भिंतीच्या पाठीमागील वाळू भिंतीवर किती रेटा देते, या प्रश्नाची दोन उत्तरे विद्यार्थ्यास एकाच पाठ्यपुस्तकात सापडतात. दोन्ही उत्तरे आकड्यांनी भिन्न असतात. परंतु ती भिन्न का, व भिंतीची पाठ खरखरीत असता कोणते ग्राह्य धरावे, याचा उलगडा बहुधा होत नाही. प्रस्तुत लेखात एक साधे उदाहरण घेऊन या भेदाचे मूळ शोधावयाचे आहे.

पहिली उपपत्ती कुलोंची. त्याने १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचलेला निबंध १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. भिंत किंचित पुढे सरली म्हणजे तिच्या पायथ्यापासून निघणाऱ्या एका प्रतलावरून वाळूची पाचर खाली घसरू पाहते, अशी त्याची कल्पना आहे. पाचरीच्या आत काय चालते याची तो चौकशी करीत नाही. संपूर्ण पाचरीचा समतोल तेवढा पाहतो. दुसरी उपपत्ती रँकिनने १८५७ मध्ये मांडली. तिच्यात घसरणारे प्रतल एकच नसते. वाळूच्या प्रत्येक बिंदूत सरक-प्रतलांची एक जोडी उद्भवते आणि सारा साठाच मोडण्याच्या बेतात येतो. म्हणजे पहिली उपपत्ती पिंडाच्या समतोलाची, तर दुसरी बिंदूतील प्रतिबलांची होय.

आता उदाहरण घेऊ. भिंतीची उंची ६ मीटर, पाठ उभी, भरावाचा माथा सपाट, वाळू कोरडी व संसक्तिरहित, तिचे एकक वजन दर घनमीटरास १८ किलोन्यूटन, अंतर्गत घर्षणकोन φ = ३०°, व भिंत आणि वाळू यांमधील घर्षणकोन δ = २०° मानू. पुढील सर्व रेटे भिंतीच्या एक मीटर लांबीवरील आहेत.

रँकिनच्या पद्धतीने रेट्याचा गुणांक १/३ येतो व रेटा १०८ किलोन्यूटन ठरतो. तो क्षितिजसमांतर असून पायथ्यापासून २ मीटर उंचीवर लागतो. या गणितात δ कोठेच आलेला नाही. सपाट माथ्याच्या भरावात रँकिनची अवस्था असेल, तर प्रत्येक उभे प्रतल प्रधान प्रतल असते व त्यावर कर्तन-प्रतिबल नसते. खरखरीत पाठीवर मात्र कर्तन असणारच. तेव्हा अशा भिंतीलगत रँकिनची अवस्था नांदू शकत नाही. ती भिंतीपासून काही अंतरावर, जेथे पाठीचा उपद्रव पोचत नाही तेथेच खरी ठरते.

पाचर-पद्धतीत घसरणीचे प्रतल क्षितिजाशी θ कोन करते असे मानले, तर पाचरीचे वजन W = ३२४ cot θ किलोन्यूटन होते. बलत्रिकोणावरून रेटा पुढीलप्रमाणे मिळतो :

P = W sin(θ − φ) / cos(θ − φ − δ)

θ = ५०° घेतल्यास P = ९३.०, ५६° घेतल्यास ९६.३, ६०° घेतल्यास ९५.० व ६५° घेतल्यास ८९.७ किलोन्यूटन येतो. यांतील महत्तम, म्हणजे ५६° वरील ९६.३, हाच सक्रिय रेटा. तो भिंतीच्या लंबाशी २०° कोन करून खाली झुकलेला असतो. त्याचा आडवा घटक ९०.५ व उभा घटक ३२.९ किलोन्यूटन आहे. महत्तमाच्या आसपास वक्ररेषा किती सपाट आहे, हेही लक्षात ठेवावे. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

येथवर पाचर-उपपत्ती निर्दोष भासते. परंतु तिने केवळ बलांची बेरीज शून्य केली आहे, परिबलांची नाही. पाचरीवर तीन बले आहेत : वजन W, भिंतीची प्रतिक्रिया P व प्रतलावरील प्रतिक्रिया R. समतोलासाठी त्यांच्या रेषा एका बिंदूत मिळावयास हव्यात. त्रिकोणी पाचरीच्या गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा घसरण-प्रतलास पायथ्यापासून एक-तृतीयांश उंचीवर छेदते. क्योटरच्या १९०३ मधील समीकरणाप्रमाणे, सरळ सरक-रेषेवर दाब खोलीबरोबर समप्रमाणात वाढतो; म्हणून R ही त्याच बिंदूतून जाते. भिंतीवरील रेटाही उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने P एक-तृतीयांश उंचीवर लागते. पाठ गुळगुळीत असेल, तर P आडवी असून त्याच बिंदूस जाऊन मिळते व समतोल पुरा होतो. पाठ खरखरीत असता मात्र P वर चढत जाते. आपल्या उदाहरणात तो बिंदू भिंतीपासून १.३५ मीटरवर आहे व P ची रेषा त्याच्या ०.४९ मीटर वरून जाते. लंबांतर ०.४६ मीटर धरल्यास सुमारे ४४ किलोन्यूटन-मीटरचे एक अनाथ युग्म शिल्लक राहते.

याचा अर्थ असा की, पाठ खरखरीत असता घसरणीचा पृष्ठभाग सपाट असूच शकत नाही. तो कसा वळतो, हे प्रतिबलांवरूनच कळते. भिंतीलगत कर्तनामुळे प्रधान प्रतिबलांच्या दिशा सुमारे ११.६° नी वळतात. त्यामुळे पायथ्याशी सरक-रेषा क्षितिजाशी ६०° ऐवजी सुमारे ४८.४° कोन करते. वर चढताना ती क्रमाक्रमाने उभी होत जाते आणि रँकिनच्या क्षेत्रात शिरल्यावर ६०° ची सरळ रेषा बनते. कुलोंचे ५६° चे प्रतल या दोहोंच्या मधील एक प्रकारची सरासरी आहे.

मग कुलोंचा आकडा टाकून द्यावा काय? तसे नाही. महत्तमाजवळ वक्ररेषा सपाट असल्याने प्रतलाचा आकार थोडा चुकला तरी रेटा फारसा बदलत नाही. वक्र पृष्ठभाग धरून काढलेला सक्रिय रेटा सामान्यतः पाच टक्क्यांहून कमी फरकाने अधिक येतो. निष्क्रिय रोधाच्या बाबतीत मात्र ही सवलत मिळत नाही. तेथे δ मोठा असता सपाट प्रतल धरल्यास रोध फारच अधिक येतो, आणि चूक धोक्याच्या बाजूची असते.

संकल्पकाच्या दृष्टीने खरा भेद रेट्याच्या आकड्याहून त्याच्या दिशेत आहे. पायाची रुंदी ३ मीटर असून उभी पाठ त्याच्या मागील कडेवर आहे असे समजू. रँकिनप्रमाणे पुढील कडेभोवती उलथविणारे परिबल २१६ किलोन्यूटन-मीटर येते. कुलोंप्रमाणे आडव्या घटकाचे १८१ मधून उभ्या घटकाचे ९९ वजा होऊन केवळ ८२ उरते. एवढी मोठी सूट सर्वस्वी घर्षणावर विसंबून आहे. आणि ते घर्षण वाळू भिंतीच्या तुलनेने खाली सरकली तरच त्या दिशेने लागते. मऊ जमिनीवर भिंत भरावापेक्षा अधिक खचली, तर δ ची दिशा उलटते. δ = −२०° घेऊन तेच पाचरीचे गणित केले असता रेटा सुमारे १५२ किलोन्यूटन होतो, व उभा घटक भिंतीस आधार देण्याऐवजी तिला वर उचलू लागतो.

तात्पर्य, पाया पक्का असून भरावच खचेल अशी खात्री असेल, तर खरखरीत पाठीसाठी पाचर-उपपत्ती ग्राह्य धरावी. तशी खात्री नसेल तेथे δ शून्य मानावा; तसे केल्यास उभ्या पाठीच्या व सपाट भरावाच्या भिंतीसाठी दोन्ही उपपत्ती १०८ किलोन्यूटनवर एकत्र येतात. भिंत भरावाहून अधिक खचण्याचा संभव असेल, तर मात्र १०८ हाही आकडा सुरक्षित नाही, आणि प्रथम पायाचाच विचार करावा लागतो.