शिवराईचा फोटो तज्ज्ञाला पाठवताना

जुन्या डब्यात शिवराई सापडली की लोक फोटो काढून नाणेतज्ज्ञाला विचारतात, ‘खरी आहे का?’ फोटो धूसर असेल तर तो बिचारा काय सांगणार? त्याला नेमकं काय पाहायचं असतं, हे कळलं की फोटो कसा काढायचा तेही कळतं.

शिवराई तांब्याच्या चकतीवर ठसा मारून पाडलेली असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे कडेची अक्षरं बऱ्याचदा अर्धवट दिसतात; तो दोष नव्हे. नकली नाणं पुष्कळदा साच्यात ओतलेलं असतं. त्याची अक्षरं बोथट असतात, अंगावर बुडबुड्यांची गोल छिद्रं दिसतात आणि कधी कडेवर सांध्याची रेघही असते. मात्र गंजामुळे अस्सल नाण्यावरही खड्डे पडतात. हा बारीक फरक फोटोत उतरायला हवा.

तो उतरतो प्रकाशामुळे. फ्लॅश बंदच ठेवा. समोरून पडलेल्या उजेडात उठाव सपाट होतो आणि तांबं चमकतं. खिडकीचा उजेड किंवा एकच टेबललॅम्प नाण्याच्या वरच्या बाजूने, तिरका पडू द्या. फार चमक आली तर मध्ये बटरपेपर धरा. प्रकाश खालून आला तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी भासतात, कारण उजेड वरूनच येतो असं आपली नजर गृहीत धरते. दुसरा फोटो दिव्याची बाजू बदलून घ्या. पहिल्यात सावलीत गेलेलं त्यात दिसेल.

फोन अगदी जवळ नेला की फोकस सुटतो. थोडा मागे घ्या, पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा टेकवा, पडद्यावर अक्षरावर बोट ठेवून फोकस करा आणि टायमर लावा, म्हणजे हात हलणार नाही. नाणं आणि फोन समांतर हवेत, नाहीतर एक कड स्पष्ट आणि दुसरी पुसट येते.

समजा, फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे आणि २० मिलिमीटरचं नाणं त्यात १५०० पिक्सेल रुंद दिसतंय. म्हणजे मिलिमीटरला ७५ पिक्सेल, ०.२ मिलिमीटरचं छिद्र १५ पिक्सेलचं होतं आणि त्याची कड गोल की खडबडीत, हे कळतं. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की आकार घटतो, बारकावे पुसले जातात. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

दोन्ही बाजू, कडेचे दोन-तीन फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी आणि सोबत ग्रॅममधलं वजन, एवढं द्या. फोटोआधी नाणं चिंच किंवा पितांबरीने घासू नका. त्यावरचा जुना थर हाही पुरावाच असतो. आणि इतकं करूनही तज्ज्ञाने नाणं हातात मागितलं, तर अवश्य घेऊन जा. धातूची घनता फोटोत दिसत नाही.