मूळ ई-मेल समोर नसताना दिलेले उत्तर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कार्यालयीन पत्रव्यवहारात एक प्रसंग वारंवार येतो. वरिष्ठांकडून हाताखालच्या लेखनिकाला ‘खालील मेलला उत्तर पाठवावे’ असा निरोप येतो, उत्तरात काय लिहायचे तेही एका वाक्यात सांगितलेले असते, मात्र ‘खालील’ म्हणून जो मेल असायला हवा तो त्या निरोपाखाली नसतोच. अशा वेळी जे काही लिहिले जाते त्यामागे बहुधा काही समजुती काम करत असतात, आणि त्यांपैकी बऱ्याचशा ई-मेलच्या रचनेविषयीच्या अपुऱ्या माहितीतून आलेल्या असतात.

पहिली समजूत अशी की उत्तर म्हणून आलेल्या मेलमध्ये मूळ मेल कोठेतरी असतोच, किंवा निदान संगणकाला तो सापडतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ई-मेलचा मजकूर कसा मांडावा हे ठरवणाऱ्या आरएफसी ५३२२ या २००८ सालच्या तांत्रिक मानकानुसार प्रत्येक मेलला एक स्वतंत्र ओळखचिन्ह असावे, आणि ते मेलच्या शीर्षभागात, म्हणजे वाचकाला सहसा न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत, `Message-ID` या नावाने लिहिले जाते. उत्तर पाठवले की त्या उत्तराच्या शीर्षभागात `In-Reply-To` आणि `References` या ओळींत मूळ मेलचे ओळखचिन्ह नोंदवले जाते. या ओळींत मूळ मजकुराचा एकही शब्द नसतो. त्यामुळे ज्याच्या मेलपेटीत तो मूळ मेल पूर्वीच आलेला आहे त्यालाच त्या चिन्हाचा उपयोग होतो. उत्तराखाली अवतरण म्हणून दिसणारा जुना मजकूर मेलचा प्रोग्राम केवळ सोयीसाठी चिकटवतो, आणि तो पाठवणाऱ्याला खोडता येतो, बदलता येतो किंवा सेटिंगमधून कायमचा बंदही करता येतो.

निरोप उत्तर म्हणून न देता नवा मेल उघडून लिहिला, तर हे ओळखचिन्हही सोबत येत नाही. मग विषयाच्या ओळीत ‘Re:’ हाताने लिहिलेले असले तरी त्यावरून मागे कोणता मेल होता हे सिद्ध होत नाही. याच्या नेमकी उलट परिस्थितीही आढळते: जीमेलमध्ये जुना मजकूर तीन ठिपक्यांच्या लहानशा बटणामागे दडलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो नाही असे वाटते. म्हणून मूळ मेल आलेला नाही असे ठरवण्यापूर्वी ते ठिपके उघडून पाहणे आवश्यक आहे. तेथेही काही नसेल, तर ‘Show original’ या पर्यायाने शीर्षभाग उघडावा, `In-Reply-To` मधील चिन्ह उचलावे आणि कार्यालयाच्या सामायिक मेलपेटीत पुढीलप्रमाणे शोध घ्यावा.

```
rfc822msgid:चिन्ह
```

मूळ मेल त्या पेटीत कधी आलेला असेल, तर तो येथे नेमका सापडतो. काही सापडले नाही, तर विषय किंवा नाव जुळते म्हणून जवळचा एखादा मेल मूळ मानण्याचा मोह टाळावा लागतो.

दुसरी समजूत अधिक धोक्याची आहे, कारण ती व्यवहारचातुर्यासारखी भासते: काय कळवायचे ते वरिष्ठांनी सांगितले आहे, तेव्हा मूळ मेलची गरजच काय? एका कल्पित उदाहरणावरून हा मुद्दा पाहता येईल. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात निरोप येतो : ‘बाकांच्या मेलला उत्तर द्या. दर मान्य आहे, फक्त पुरवठा जूनऐवजी जुलैत हवा.’ लेखनिक मेलपेटीत शोधतो, तेव्हा त्याला १२ मार्चचे दरपत्रक मिळते; त्यात २०० बाके, प्रत्येकी ४,२०० रुपये, वाहतुकीसह, असा दर आहे. तो त्यावर ‘आपला दर मान्य आहे’ असे उत्तर पाठवतो. प्रत्यक्षात वरिष्ठांसमोर होता तो २ एप्रिलचा मेल, जो पुरवठादाराने थेट त्यांच्या वैयक्तिक पत्त्यावर धाडला होता. त्यात दर ३,९०० रुपये होता, वाहतूक वेगळी होती, निम्मी रक्कम आगाऊ मागितली होती आणि बाके लाकडी हवीत की लोखंडी सांगाड्याची, असा प्रश्नही विचारला होता.

येथे एकाच वेळी दोन गोष्टी बिघडल्या आहेत. चुकीच्या दराला मान्यता गेली हे ठळकपणे दिसते. परंतु योग्य मेल सापडला असता तरी वरिष्ठांच्या निरोपात सांगाड्याच्या प्रश्नाचे आणि आगाऊ रकमेचे उत्तर नव्हतेच. निरोप देणारा माणूस त्याच्या लक्षात राहिलेला भाग तेवढा सांगतो, तर समोरच्याने विचारलेले सर्व काही मूळ मेलमध्येच असते, आणि म्हणून निरोपातील एक वाक्य मूळ मेलची जागा घेऊ शकत नाही.

‘नुसता मेल आहे, चुकला तर दुरुस्त करता येईल’ ही समजूत कायद्याच्या अंगाने तपासावी लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्या कारणाने करार अवैध ठरत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम ७ सांगते की स्वीकृती, म्हणजे प्रस्तावाला दिलेली मान्यता, पूर्ण आणि विनाअट असली पाहिजे. त्यामुळे वरील निरोपातील ‘दर मान्य, पण जुलैत’ ही रचना मुळात स्वीकृती नसून नवा प्रतिप्रस्ताव आहे, आणि पुरवठादार जुन्या दराला बांधील राहतोच असे नाही. याउलट लेखनिकाने तारखेचा उल्लेख गाळून नुसते ‘मान्य’ लिहिले आणि तो प्रस्ताव अद्याप खुला असला, तर नको असलेला करार पूर्ण झाल्याचा दावा पुरवठादाराला करता येतो. कोणता परिणाम होईल हे मूळ मेलमधील अटींवर आणि मुदतीवर अवलंबून असते, आणि नेमक्या त्याच गोष्टी उत्तर लिहिणाऱ्यासमोर नसतात.

मूळ मेल मागणे म्हणजे कामचुकारपणा किंवा अज्ञान, असेही काही कार्यालयांत मानले जाते. ही समजूत टिकते, कारण मागणी बहुधा ‘मेल मिळाला नाही’ एवढ्याच मोघम शब्दांत केली जाते. याउलट पुढीलप्रमाणे लिहिलेली मागणी वाचणाऱ्याचे काम हलके करते : ‘आपल्या निरोपाखाली मूळ मेल आलेला नाही. सामायिक पेटीत बाकांविषयी १२ मार्चचे एकच दरपत्रक आहे (४,२०० रुपये, वाहतुकीसह). उत्तर याच मेलला द्यायचे आहे का? दुसरा मेल असल्यास तो संलग्नक म्हणून पाठवावा. उत्तराचा मसुदा तयार असून दर, दिनांक आणि अटी यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.’ संलग्नक म्हणून पाठवण्याचा आग्रह येथे सकारण आहे. तसा पाठवलेला मेल शीर्षभागासह संपूर्ण पोहोचतो. नक्कल करून चिकटवलेल्या मजकुरात मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता, प्रत कोणाला गेली ते आणि जोडलेली दरपत्रकाची फाईल ही तिन्ही गळू शकतात, आणि पडद्याचे छायाचित्र तर बहुधा वरच्या दोन परिच्छेदांवरच थांबते.

मूळ मेल खरोखरच नष्ट झाला असेल, तर तो लिहिणाऱ्याकडेच पुन्हा मागावा, कारण त्याच्या पाठवलेल्या मेलांत त्याची प्रत बहुधा असते. तेवढा वेळ नसेल, तर उत्तरात आधाराचा स्पष्ट उल्लेख हवा : ‘आपला २ एप्रिलचा मेल आमच्याकडे उपलब्ध नाही. त्यात प्रति बाक ३,९०० रुपये दर कळवला होता असे दूरध्वनीवरून समजले. हे पत्र केवळ चर्चेसाठी असून, मेलची प्रत मिळाल्यावर आणि अटी तपासल्यावरच मान्यता कळवली जाईल.’ अशा उत्तराने व्यवहार पूर्ण होत नाही, परंतु पुरवठादाराला आपल्या मेलविषयी कार्यालयाला काय ठाऊक आहे आणि काय नाही हे कळते, आणि त्यात चूक असल्यास ती तो पुढच्याच मेलमध्ये दाखवू शकतो.