थंडीत डिझेल गाडी अडते, दोष कोणाचा?

जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की डिझेल गाड्या सकाळी अडून बसतात. लगेच नवी बॅटरी आणू नका. आधी सेल मारतानाचा आवाज ऐका.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय, पण पेटत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतोय? मग संशय ग्लो प्लगवर. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटतं. थंडीत कमी पडणारी उष्णता ग्लो प्लग पुरवतो. चारांपैकी एकच गेला असेल तर गाडी सुरू होते, पण थोडा वेळ थरथरते.

इंजिन रडतखडत फिरत असेल तर बॅटरीला मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. आता कुणाला तरी सेल मारायला सांगा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बहुधा बॅटरी थकली आहे. अकराच्या आसपास टिकूनही इंजिन रेंगाळलं किंवा नुसतं ‘टक्’ झालं, तर दोष स्टार्टरचा किंवा त्याच्या वायरींचा. टर्मिनल आणि अर्थिंग साफ करून घट्ट आवळा, मगच स्टार्टर उतरवा.

अडकलेला स्टार्टरही व्होल्टेज पाडतो. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करून, लोड टेस्ट करूनच बदला.