बटण एक, हजेरी शंभरांची

तुरुंगात शंभर कैदी आहेत आणि प्रत्येकाची कोठडी वेगळी आहे. जेलर त्यांना एकदाच एकत्र बसवतो आणि म्हणतो, "काय खलबत करायचं ते आत्ता करा. उद्यापासून कुणाचा कुणाशी संबंध येणार नाही." रोज चिठ्ठी टाकून एका कैद्याला एका रिकाम्या खोलीत नेलं जाईल. चिठ्ठी पुन्हा डब्यात पडणार, त्यामुळे एखाद्याचा नंबर लागोपाठ दोन दिवस लागेल, तर एखाद्याचा वर्षभर लागणारही नाही. खोलीत एक दिवा आणि त्याचं एक बटण आहे. आत आलेल्याने वाटलं तर बटण दाबावं, नाहीतर आहे तसं ठेवून परत जावं. दिवा पहिल्या दिवशी बंद असेल. कुणीही कधीही सांगू शकतो, "आम्ही शंभरही जण या खोलीत येऊन गेलो आहोत." हे खरं निघालं तर सगळे सुटले, खोटं निघालं तर सगळे फासावर.

हे कोडं २००२च्या सुमारास गणितवेड्या मंडळींमध्ये फार फिरलं. त्या वर्षी आयबीएमच्या मासिक कोड्यांच्या सदरात त्याचं तेवीस कैद्यांचं रूप आलं, आणि पुढच्याच वर्षी डेहे, फोर्ड आणि सेगरमन या तिघांनी 'मॅथेमॅटिकल इंटेलिजन्सर' या नियतकालिकात शंभर कैद्यांवर लेख लिहिला. ऐकणारा पहिल्यांदा अडतो तो एकाच ठिकाणी. दिवा चालू किंवा बंद, एवढंच सांगू शकतो. शंभर जणांची नावं त्यात मावणार कशी?

ती मावत नाहीत आणि मावायची गरजही नाही. कोण आलं हे कुणालाच कळायला नको आहे. किती वेगवेगळे जण आले, एवढं एकाला कळलं की पुरे. हा आकडा दिव्यात ठेवायचा नाही, त्या एकाच्या डोक्यात ठेवायचा. शेतावर किंवा बांधकामावर मुकादम जशी हजेरी घेतो, तसा या शंभरांतून एक मुकादम नेमायचा. मग उरलेल्या नव्व्याण्णव जणांसाठी नियम असा: खोलीत गेल्यावर दिवा बंद दिसला आणि आपण आजवर एकदाही तो लावलेला नसेल, तर लावायचा. बाकी कुठल्याही वेळी बटणाला हात लावायचा नाही. मुकादम मात्र दिवा कधीच लावत नाही. तो चालू दिसला की बंद करतो आणि मनात एक आकडा वाढवतो. नव्व्याण्णव झाले की घोषणा.

सगळ्यांना सारखंच काम दिलं तर बेत फसतो. प्रत्येकाने लावायचाही आणि विझवायचाही असं ठरवलं, तर दिवा बंद दिसल्यावर कुणालाच कळत नाही की तो कुणी लावलाच नव्हता, की कुणीतरी लावून दुसऱ्याने विझवला. विझवण्याचा हक्क एकट्याकडे ठेवला की प्रत्येक चालू दिव्याचा अर्थ पक्का होतो: आजवर न मोजलेला एक नवा माणूस. सगळी युक्ती या विषमतेत आहे.

चार कैदी घेऊन हे चालवून पाहू. अ हा मुकादम. ब, क आणि ड ही बाकीची मंडळी. पहिल्या दिवशी ब जातो. दिवा बंद आहे, म्हणून तो लावतो. त्याचं आयुष्यभराचं काम झालं. दुसऱ्या दिवशी क जातो. दिवा आधीच चालू असल्याने त्याला काही करता येत नाही, हात हलवत परत येतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा क, पुन्हा तीच गत. चौथ्या दिवशी अ येतो, दिवा विझवतो आणि मनात म्हणतो, एक. पाचव्या दिवशी ब येतो. दिवा बंद आहे, पण त्याची पाळी होऊन गेली आहे, म्हणून तो गप्प राहतो. सहाव्या दिवशी ड दिवा लावतो, सातव्या दिवशी अ तो विझवतो: दोन. आठव्या दिवशी परत अ आला तर अंधार दिसतो, मोजायला काही नाही. नवव्या दिवशी क आला की त्याला अखेर दिवा बंद मिळतो आणि तो लावतो. दहाव्या दिवशी अ येतो, तीन मोजतो आणि घोषणा करतो.

यात सहाव्या दिवसाकडे जरा थांबून पाहा. त्या दिवशी ड आला तेव्हाच चौघेही खोलीत येऊन गेले होते. पण तुरुंगात हे कुणालाच माहीत नव्हतं. क दोनदा येऊनही त्याची हजेरी लागलेली नव्हती. सगळे येऊन गेले ही घटना वेगळी आणि ते कुणाला तरी खात्रीने कळणं वेगळं. दोन्हींमधलं अंतर इथे चारच दिवसांचं आहे. शंभर कैद्यांमध्ये ते फार मोठं होतं.

रोजची चिठ्ठी खरोखर निःपक्षपाती असेल, तर शंभरही जण किमान एकदा येऊन जायला सरासरी सुमारे ५१९ दिवस लागतात, म्हणजे दीड वर्षाच्या आतबाहेर. मुकादमाचा आकडा मात्र नव्व्याण्णववर पोचायला सरासरी सुमारे १०,४१८ दिवस लागतात. साडेअठ्ठावीस वर्षं! हा उशीर कुठे होतो ते शोधणं सोपं आहे. दिवा लागला की तो मुकादमाची वाट पाहत बसतो, आणि मुकादमाची चिठ्ठी निघायला सरासरी शंभर दिवस. असं नव्व्याण्णव वेळा व्हायचं, म्हणून ९,९०० दिवस त्याच्या प्रतीक्षेतच गेले. बाकीच्यांनी दिवा लावायला घेतलेला वेळ सगळा मिळून जेमतेम ५१८ दिवस भरतो. जन्मठेप भोगून झाल्यावर सुटकेचा कागद मिळाल्यासारखंच हे झालं, असं कुणी म्हटलं तर त्याला काय उत्तर द्यावं?

उत्तर म्हणून गणितज्ञांनी मुकादमाच्या हाताखाली माणसं नेमली. समजा दहा उपमुकादम केले, त्यातलाच एक मुख्य. वेळेचे टप्पे आधीच ठरवून घ्यायचे. पहिल्या टप्प्यात चालू दिवा म्हणजे एक माणूस. तो कुठलाही उपमुकादम विझवून आपल्या खात्यावर घेऊ शकतो, आणि स्वतःसकट दहा भरले की तो थांबतो. दुसऱ्या टप्प्यात तोच चालू दिवा म्हणजे दहा जणांचा भरलेला गट. भरलेले उपमुकादम एकेकदा दिवा लावतात आणि मुख्य तो विझवतो. दिवे एकूण नव्व्याण्णवच लागले, पण त्यातल्या नव्वदांसाठी दहांपैकी कुणीही चालत असल्याने प्रतीक्षा सुरुवातीला दहा-दहा दिवसांचीच असते. एकट्या मुख्याची शंभर दिवसांची वाट पाहणं फक्त नऊ वेळा उरतं.

यात एक खाच आहे. टप्पा संपताना दिवा चालूच राहिला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ एकदम बदलेल आणि एका माणसाचे दहा होतील. म्हणून टप्प्याच्या शेवटच्या दिवशी जो खोलीत असेल त्याने, तो कुणीही असो, दिवा विझवायचा आणि ते देणं आपल्या डोक्यावर घ्यायचं. तसाच टप्पा पुढे परत आला की त्याने ते फेडायचं. पहिल्या फेरीत काम पुरं झालं नाही तर दोन्ही टप्पे पुन्हा फिरवायचे. हा हिशेब आणखी घासूनपुसून सरासरी काळ चार हजार दिवसांच्या आत आणता येतो.

आता सुरुवातीचा नियम थोडा बिघडवू. दिवा पहिल्या दिवशी चालू आहे की बंद, हे जेलरने सांगितलंच नाही तर? चौघांच्या खेळात अ आला आणि दिवा चालू दिसला. तो कुणी लावला, ब ने की जेलरने? तीनवर थांबलं तर त्यातला एक जेलरचा असू शकतो, आणि एक कैदी कधी आलेलाच नसेल. चारपर्यंत मोजायचं ठरवलं आणि दिवा मुळात बंद होता, तर चौथा कधी येणारच नाही. सगळे आत सडतील. सुटकेचा मार्ग असा की प्रत्येकाने एकदा नाही, दोनदा दिवा लावायचा आणि अ ने सहापर्यंत मोजायचं. दिवा मुळात बंद असेल तर सहा म्हणजे दोन, दोन आणि दोन. चालू असेल तर एक जेलरचा आणि पाच खरे. आणि कुणी दोनपेक्षा जास्त लावत नसल्याने तिघांत मिळून पाच यायचे तर प्रत्येकाचा किमान एक हवाच. पाचवर थांबणं मात्र धोक्याचं, कारण एक जेलरचा आणि दोघांचे दोन-दोन मिळून पाच भरतात. शंभर कैद्यांना हाच आकडा १९८ येतो. आयबीएमच्या तेवीस कैद्यांना तो ४४ येई. तिथे खोलीत दोन बटणं होती आणि प्रत्येकाने त्यातलं एक हलवलंच पाहिजे अशी सक्ती होती. दुसरं बटण केवळ काही न करण्याची सोय म्हणून वापरायचं.

दिव्यापेक्षा बटणाची स्थिती महत्त्वाची, हे जाता जाता सांगायला हवं. बटण दिसत असेल तर वीज गेली तरी हजेरी बुडत नाही. माणसं चुकली तर मात्र बुडते, आणि चुकाही दोन जातींच्या आहेत. एखाद्याने विसरून जास्तीचा दिवा लावला, तर मुकादमाचा आकडा फुगतो आणि सगळे फासावर जाऊ शकतात. एखाद्याने लावायचा राहू दिला, किंवा मुकादमाने विझवून मोजायचं विसरलं, तर खोटी घोषणा होत नाही, घोषणाच होत नाही. म्हणून बैठकीत आणखी एक कलम घालून घ्यावं: शंका असेल तर लावू नका आणि मोजू नका.

व्यवहारी वाचक एव्हाना म्हणत असेल, एवढा खटाटोप कशाला? पंधराशे दिवस थांबा आणि सांगून टाका. हिशेब त्याच्या बाजूने आहे. पंधराशे दिवसांनी एखादा तरी कैदी राहून गेला असण्याची शक्यता लाखात साधारण तीन आहे. तीन हजार दिवसांनी ती एक लाख कोटींत आठ इतकी उतरते. साडेअठ्ठावीस वर्षं मोजत बसण्यापेक्षा मी स्वतः हाच जुगार खेळलो असतो.

पण तो हिशेब चिठ्ठीच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. जेलरने चिठ्ठ्यांचा डबा फेकून दिला आणि एवढाच शब्द दिला की प्रत्येकाला पुन्हा पुन्हा कधी ना कधी आणेन, तर तो तीन हजार दिवस एकाच कैद्याला नेऊ शकतो आणि दिवस मोजण्याला काही किंमत राहत नाही. टप्प्यांची योजनाही तिथेच कोलमडते, कारण पहिल्या टप्प्यात जेलर मुद्दाम उपमुकादमांना वगळेल आणि दुसऱ्यात त्यांचीच रांग लावेल. रोज कुणालातरी नेण्याचं बंधनही त्याने झुगारलं, तर टप्पा कधी बदलला हेच कैद्यांना कळणार नाही. एकट्या मुकादमाच्या त्या मंद पद्धतीला मात्र चिठ्ठीही लागत नाही आणि दिनदर्शिकाही. न मोजलेले कैदी आणि मुकादम यांना जेलर कधी ना कधी आणत राहिला की तिचा आकडा नव्व्याण्णववर पोचतो, आणि त्याआधी ती चुकूनही घोषणा करत नाही.