मीटिंग पुढे ढकलण्याचा ई-मेल

ठरलेली मीटिंग पुढे ढकलायची असेल तर परदेशी ग्राहकाला इंग्रजीत पाच-सहा वाक्यांचा ई-मेल जातो. त्यातल्या चुका बहुधा इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत. मराठीत अगदी बरोबर असलेली रचना जशीच्या तशी इंग्रजीत उतरते आणि तिथे ती वेगळाच अर्थ देते. म्हणून अशा ई-मेलची दुरुस्ती करताना प्रत्येक चुकीमागचे मराठी वाक्य आधी ओळखावे लागते.

उदाहरणादाखल चाकणच्या एका कारखान्यातील अभियंत्याने बर्मिंगहॅमच्या ग्राहकाला लिहिलेला मसुदा घेऊ. दिवस गुरुवार, 30 जुलै 2026. मीटिंग ठरली आहे बुधवार, 5 ऑगस्टला, भारतीय वेळेनुसार दुपारी तीन वाजता. त्याच दिवशी कारखान्यात ऑडिट आल्याने ती शुक्रवारी, 7 ऑगस्टला घ्यायची आहे. मसुदा असा:

“डिअर सर, आय ॲम हॅविंग अ मीटिंग विथ यू ऑन वेन्सडे ॲट 3 पीएम. बट अवर ऑडिट हॅज बीन प्रीपोन्ड यस्टरडे, सो आय विल नॉट एबल टु अटेंड. वी हॅव टु मूव्ह द मीटिंग फॉरवर्ड बाय टू डेज. प्लीज डिस्कस अबाउट धिस विथ युअर टीम ॲण्ड रिव्हर्ट बॅक टिल फ्रायडे. काइंडली डू द नीडफुल. इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड.”

पहिल्या वाक्यात काळाचा घोळ आहे. “आय ॲम हॅविंग अ मीटिंग” हे व्याकरणात बसवता येते, पण त्यातून ग्राहकाला कळते ते इतकेच, की मीटिंग ठरल्याप्रमाणे होणार आहे. जे होणार होते आणि आता होणार नाही, ते सांगायला मराठीत “आपण भेटणार होतो” असे म्हणतात. इंग्रजीतही नेमकी हीच सोय आहे: “वी वेअर ड्यू टु मीट ऑन वेन्सडे”. “वेअर” हे भूतकाळी रूप वाचताक्षणी समोरच्याला कळते की बेतात बदल आहे.

पुढच्या वाक्यातली चूक मराठी माणसाकडून सर्वांत जास्त होते. “काल फोन आला आहे”, “काल निरोप दिला आहे” अशी वाक्ये मराठीत बिनदिक्कत चालतात. इंग्रजीत मात्र “हॅज बीन” किंवा “हॅव रिसीव्ह्ड” या पूर्ण वर्तमानकाळाजवळ “यस्टरडे” बसत नाही. “काल”, “सोमवारी”, “दोन दिवसांपूर्वी” असा संपलेला काळ नेमका सांगितला, की क्रियापद साध्या भूतकाळात जाते: “वॉज ब्रॉट फॉरवर्ड यस्टरडे”. उलट “हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड” ठेवायचे असेल तर “यस्टरडे” काढावे लागते. या पत्रात दुसरा पर्याय सरस आहे. ऑडिटची तारीख कधी बदलली याच्याशी ग्राहकाला काही देणेघेणे नाही. ती बदललेली आहे आणि तिचा परिणाम आज त्याच्या वेळापत्रकावर होतो आहे, हा मुद्दा आहे, आणि पूर्ण वर्तमानकाळ तोच सांगतो. “प्रीपोन” हा शब्द भारतात सर्रास चालतो, इंग्रजी शब्दकोशांतही त्याची नोंद आहे, पण बर्मिंगहॅममध्ये तो वापरात नाही. तिथे तारीख अलीकडे आणणे म्हणजे “ब्रिंग फॉरवर्ड”.

“आय विल नॉट एबल” मध्ये “बी” गळला आहे. मराठीतले “शकणार नाही” हे क्रियापदच असते, इंग्रजीतला “एबल” मात्र विशेषण आहे आणि त्याला “बी” चा टेकू लागतो: “आय विल नॉट बी एबल टु अटेंड”. ही चूक दिसायला ढोबळ आहे, पण तिच्यामुळे कोणाचा गैरसमज होत नाही.

गैरसमज होतो तो पुढच्या वाक्याने, आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नाही. मराठीत मीटिंग “पुढे ढकलली” म्हणजे ती नंतर होणार, यात कोणालाच शंका नसते. त्या “पुढे” साठी लिहिणारा “फॉरवर्ड” लिहितो. इंग्रजीत मात्र “मूव्ह फॉरवर्ड” दोन्ही दिशांना वाचता येते. मॅथ्यू मॅग्लोन आणि जेनिफर हार्डिंग या संशोधकांनी 1998 मध्ये ही संदिग्धता अभ्यासली. त्यातूनच पुढे एक प्रश्न प्रसिद्ध झाला: बुधवारची मीटिंग दोन दिवस “फॉरवर्ड” केली, तर ती आता कोणत्या वारी आहे? इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, त्यांच्यातही काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कर यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावरच्या लोकांना विचारला. कोणाला तरी घ्यायला आलेल्या माणसांपेक्षा नुकत्याच विमानातून उतरलेल्या माणसांनी शुक्रवार हे उत्तर अधिक प्रमाणात दिले. आपण काळातून पुढे जातो असे मानणाऱ्याला “फॉरवर्ड” म्हणजे नंतर वाटते, काळ आपल्याकडे चालून येतो असे मानणाऱ्याला अलीकडे.

चाकणच्या मसुद्यात याचा परिणाम सरळ आहे. बर्मिंगहॅमचा माणूस सोमवारी, 3 ऑगस्टला तयार होऊन बसेल आणि इकडचा शुक्रवार धरून चालेल. त्यामुळे दिशादर्शक शब्द अशा ई-मेलमधून काढूनच टाकलेले बरे. “फ्रॉम” आणि “टु” या दोन प्रेपोझिशनांच्या मध्ये तारखा बसवल्या की काम भागते: “फ्रॉम वेन्सडे, 5 ऑगस्ट टु फ्रायडे, 7 ऑगस्ट”. “नेक्स्ट फ्रायडे” हाही असाच फसवा आहे. गुरुवारी लिहिलेल्या पत्रात कोणी त्याचा अर्थ उद्या असा घेणार नाही, पण सोमवारी लिहिलेल्या पत्रात येणारा शुक्रवार की त्यानंतरचा, यावर वाद होऊ शकतो. वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याने आणखी एक फायदा होतो. लिहिणाऱ्याची तारीख चुकली, तर वाराशी ती जुळत नाही आणि वाचणारा लगेच विचारतो.

“3 पीएम” कुठले, हेही मसुद्यात नाही. ऑगस्टमध्ये ब्रिटनची घड्याळे भारताच्या साडेचार तास मागे असतात, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे चाकणचे दुपारचे तीन हे त्या दिवशी बर्मिंगहॅमचे सकाळचे साडेदहा. ग्राहकाची वेळ आधी आणि आपली नंतर लिहिणे हे सौजन्यही आहे आणि हिशेबाची पडताळणीही.

बाकीच्या प्रेपोझिशनांपैकी “डिस्कस अबाउट” थोडक्यात आटोपते. “याबद्दल चर्चा” यातला “बद्दल” तिथे आला आहे, पण इंग्रजीत “डिस्कस” ला थेट कर्म लागते, “अबाउट” लागत नाही. “टिल फ्रायडे” कडे अधिक लक्ष द्यावे लागते. मराठीत “शुक्रवारपर्यंत थांबा” आणि “शुक्रवारपर्यंत कळवा” या दोन्हींना एकच “पर्यंत” पुरतो. इंग्रजीत सलग चालणाऱ्या क्रियेसाठी “टिल” आणि मुदतीसाठी “बाय” असे दोन वेगळे शब्द आहेत. शुक्रवारपर्यंत थांबायचे तर “वेट टिल फ्रायडे”, शुक्रवारपर्यंत उत्तर हवे तर “रिप्लाय बाय फ्रायडे”. “रिप्लाय टिल फ्रायडे” म्हणजे शुक्रवार येईस्तोवर उत्तर देत राहा, असे काहीसे विचित्र होते. “रिव्हर्ट बॅक” मध्ये “बॅक” तर जास्तीचा आहेच, शिवाय भारताबाहेरच्या अनेक वाचकांना “रिव्हर्ट” म्हणजे पूर्वस्थितीला जाणे एवढेच माहीत असते. “रिप्लाय” किंवा “लेट मी नो” लिहावे.

राहिला सौजन्याचा भाग. “वी हॅव टु मूव्ह” हे ग्राहकाला निर्णय कळवते, विचारत नाही. मीटिंग दोघांनी मिळून ठरवलेली असते, तेव्हा बदलही विनंती म्हणूनच जायला हवा. मराठीत अशा वेळी “जमेल का?” असे विचारतात, आणि आदब राखायची असेल तर “तुम्हाला एक विचारायचं होतं” असे भूतकाळात म्हणतात, जरी विचारायचे आत्ताच असले तरी. इंग्रजीतही मागे सरकलेले रूपच नम्र ठरते: “कॅन” पेक्षा “कुड”, “विल” पेक्षा “वुड”. म्हणून “वुड इट बी पॉसिबल टु मूव्ह...” हे वाक्य या पत्राचा कणा ठरते. पर्यायी दिवसही सोबतच द्यावा. नाही म्हणणाऱ्याला मग नवा शोध घ्यावा लागत नाही आणि दोन फेऱ्यांचा पत्रव्यवहार वाचतो.

“काइंडली डू द नीडफुल” ही जुन्या कचेरीतली भाषा आहे. ब्रिटनमध्ये ती मागे पडली, आपल्याकडच्या अर्जांतून मात्र टिकून राहिली. तिचा खरा दोष जुनेपणा नाही. नेमके काय करायचे, ते ती सांगत नाही. “इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड” ही रस्ता खोदल्यावर लावलेल्या पाटीची भाषा झाली, तिच्यात दिलगीर कोण आहे ते दिसतच नाही. “आय अपॉलोजाइज फॉर...” यात माणूस दिसतो. क्षमा मात्र एकदाच मागावी. तीनदा मागितली तर प्रकरण आहे त्याहून गंभीर वाटू लागते. ऑडिटचे कारणही एका ओळीपेक्षा लांबवू नये. आणि ज्याच्याशी मीटिंग ठरली, त्याला “डिअर सर” लिहिणे परके वाटते. तिथे नाव लिहावे.

दुरुस्त पत्र मग असे होते. विषयाच्या ओळीत “रिक्वेस्ट टु मूव्ह अवर मीटिंग फ्रॉम 5 ऑगस्ट टु 7 ऑगस्ट”, आणि नावानंतर:

“वी वेअर ड्यू टु मीट ऑन वेन्सडे, 5 ऑगस्ट ॲट 10.30 एएम यूके टाइम. अनफॉर्च्युनेटली, अवर प्लांट ऑडिट हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टु दॅट डे, ॲण्ड आय विल नॉट बी एबल टु अटेंड. वुड इट बी पॉसिबल टु मूव्ह अवर मीटिंग टु फ्रायडे, 7 ऑगस्ट, ॲट द सेम टाइम, 10.30 एएम यूके टाइम, 3 पीएम इंडिया टाइम? इफ दॅट डझ नॉट सूट यू, आय ॲम ऑल्सो फ्री ऑन मंडे, 10 ऑगस्ट. आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड लेट मी नो बाय फ्रायडे, 31 जुलै. आय अपॉलोजाइज फॉर द शॉर्ट नोटिस.”

यात “ब्रॉट फॉरवर्ड” राहू दिले आहे, कारण ब्रिटिश वाचकाला त्याचा अर्थ अलीकडे आणणे असाच कळतो, आणि पुढे “टु दॅट डे” असल्याने दिशेचा प्रश्न उरतही नाही. ग्राहक अमेरिकेत असेल तर “मूव्ह्ड अप” लिहावे. तसेच तारखेतला महिना तिथे कधीही आकड्यात देऊ नये. 7/8 हा आकडा अमेरिकन वाचक 8 जुलै असा वाचतो.

ग्राहकाचा होकार आल्यावर कॅलेंडरमधले जुने निमंत्रण उघडून त्यातच दिवस बदलावा. नवे निमंत्रण वेगळे पाठवले आणि जुने तसेच राहिले, तर बुधवारी सकाळी बर्मिंगहॅमच्या पडद्यावर जुन्या मीटिंगची आठवण झळकते आणि ग्राहक रिकाम्या व्हिडिओ कॉलमध्ये वाट पाहत बसतो.