लहान मुलांच्या डोक्यातील उवा: औषध लावूनही त्या परत का येतात?

"डॉक्टर, औषध लावलं, डोकं अगदी स्वच्छ झालं होतं. दहा-बारा दिवसांत पुन्हा उवा! पाळणाघरातूनच येत असणार." दीड ते तीन वर्षांच्या मुलांचे पालक हे वारंवार सांगतात. काही वेळा ते खरे असते. पण बऱ्याचदा या उवा बाहेरून आलेल्या नसतात. त्या मुलाच्या डोक्यातच राहिलेल्या लिखांमधून बाहेर पडलेल्या असतात. या दोन्हींतला फरक ओळखता आला, तर नेमके काय करायचे ते कळते आणि बाळाच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा औषधे लावावी लागत नाहीत.

उवा वाढतात कशा?

मोठी ऊ तिळाएवढी असते. मादी रोज काही अंडी घालते आणि ती टाळूजवळ केसाला घट्ट चिकटवते. ही अंडी म्हणजेच लिखा. त्या खसखशीच्या दाण्यापेक्षा मोठ्या नसतात. कोंडा बोटाने झटकला की पडतो, लीख मात्र केसावरून नखाने ओढावी लागते.

लिखेतून पिल्लू बाहेर यायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पिल्लू टाचणीच्या टोकाएवढे असते. ते मोठे होऊन स्वतः अंडी घालू लागायला आणखी ९ ते १२ दिवस जातात. उपचाराचे सगळे वेळापत्रक या दोन आकड्यांवर बसवलेले आहे.

ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. म्हणून ती मुख्यतः डोक्याला डोके लागल्यावर पसरते. या वयाची मुले एकमेकांना बिलगून खेळतात, एका सतरंजीवर झोपतात आणि घरी आई किंवा आजीच्या कुशीत असतात. उवा होण्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. रोज न्हाणाऱ्या मुलालाही त्या होतात.

पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडेही लागू शकतात. त्यामुळे तुम्हाला आज दिसलेल्या उवा महिनाभरापूर्वीच्या असू शकतात. काल शेजारी बसलेल्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही.

आधी खात्री करा

नुसत्या लिखा दिसल्या म्हणून औषध लावू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि लीख त्याच्याबरोबर टाळूपासून दूर जाते. टाळूपासून बोटाच्या पेरापर्यंत लांब गेलेल्या लिखा बहुतेक रिकाम्या असतात. औषध लावायचे ते जिवंत, हलणारी ऊ दिसली तरच.

ती शोधण्याची खात्रीची पद्धत म्हणजे ओल्या केसांत फणी फिरवणे. केस ओले करून भरपूर कंडिशनर किंवा साधे खोबरेल तेल लावा. त्याने उवांची हालचाल मंदावते आणि फणी सहज फिरते. केसांचे छोटे भाग करा. बारीक दातांची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढा आणि दर वेळी पांढऱ्या कागदी रुमालावर पुसून पाहा. कानामागे आणि मानेवरच्या केसांत नीट बघा. धातूची, लांब दातांची फणी प्लास्टिकच्या फणीपेक्षा चांगले काम करते.

औषध कोणते आणि कसे?

दोन महिन्यांपेक्षा मोठ्या बाळांना १ टक्का परमेथ्रिन वापरता येते. खरजेसाठी मिळणारे ५ टक्क्यांचे क्रीम वेगळे असते, ते उवांसाठी स्वतःहून डोक्याला लावू नका. बाटलीवरची टक्केवारी वाचा, आणि मूल दोन वर्षांपेक्षा लहान असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

औषधाच्या दिवशी आधी साध्या शाम्पूने केसांतले तेल पूर्ण काढा. कंडिशनर लावू नका, कारण तेल आणि कंडिशनर दोन्हींमुळे औषध केसाला नीट लागत नाही. केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवा. मग कानामागचे आणि मानेवरचे केस धरून सगळे केस मुळापासून भिजतील इतके औषध लावा. घड्याळ लावून १० मिनिटे थांबा आणि धुऊन टाका. जास्त वेळ ठेवल्याने जास्त उवा मरतात असे नाही. प्लास्टिकची टोपी घालू नका.

धुताना मुलाला अंघोळीच्या टबात बसवू नका, औषधाचे पाणी अंगभर लागते. मांडीवर आडवे घेऊन डोके मागे झुकवा आणि डोळ्यांवर घडी केलेला टॉवेल धरा. केस ओले असतानाच फणी फिरवा. त्यानंतर एक-दोन दिवस केस धुऊ नका.

टाळूवर जखम किंवा पू असेल तर औषध लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आयव्हरमेक्टिनची गोळी १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला देत नाहीत, म्हणून मोठ्या भावंडासाठी आणलेली गोळी तोडून धाकट्याला देऊ नका.

एक उदाहरण, तारखांसह

समजा, अडीच वर्षांची, ११ किलो वजनाची मुलगी आहे. ती पाळणाघरात जाते आणि रात्री आजीजवळ झोपते. रविवारी, १ तारखेला, फणीत चार मोठ्या उवा निघाल्या. त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांचे केस तपासले, तेव्हा आजीच्या केसांतही उवा सापडल्या. आई-बाबांच्या केसांत काही नव्हते.

१ तारखेला मुलगी आणि आजी दोघींना एकाच दिवशी औषध लावले. त्याने उवा मेल्या, पण लिखा बहुतांशी तशाच राहिल्या, कारण हे औषध लिखांवर फारसे चालत नाही. पुढच्या नऊ-दहा दिवसांत त्यांतून पिल्ले बाहेर येणार. पण त्यातले सर्वांत आधी निघालेले पिल्लूही १० तारखेपर्यंत अंडी घालण्याएवढे मोठे झालेले नसते. म्हणून १० तारखेला, म्हणजे नऊ दिवसांनी, दोघींना दुसऱ्यांदा औषध लावायचे. तिसऱ्या दिवशी लावले तर बरीच पिल्ले अजून लिखेतच असतात. तीन आठवड्यांनी लावले तर तोवर नवी अंडी पडलेली असतात.

मधल्या काळात ४ आणि ७ तारखेला, १० तारखेला औषध धुतल्यावर, आणि पुढे १३ व १७ तारखेला फणी फिरवायची. औषध नको असेल तर फक्त फणीनेही उवा जाऊ शकतात. मात्र तेव्हा दर तीन-चार दिवसांनी नेटाने फणी फिरवावी लागते आणि शेवटची ऊ दिसल्यानंतर आणखी दोन आठवडे हे चालू ठेवावे लागते.

फणीत काय निघाले, त्यावरून ओळखा

औषध लावल्यानंतर ८ ते १२ तासांनीही लहान-मोठ्या उवा पूर्वीसारख्याच चपळ फिरत असतील, तर औषधाचा परिणाम झालेला नाही. केसांत तेल राहिले असेल, औषध कमी पडले असेल किंवा त्या उवांना हे औषध लागू पडत नसेल. तेच औषध लगेच पुन्हा लावू नका. डॉक्टर दुसरे औषध सुचवू शकतात.

पहिल्या औषधानंतर ४ किंवा ७ तारखेला फक्त बारीक पिल्ले दिसली, तर ती राहिलेल्या लिखांमधली आहेत. हे अपेक्षितच आहे. घाबरून मध्येच औषध लावू नका, १० तारखेची वाट पाहा.

दुसऱ्या औषधानंतर १३ तारखेला फणी स्वच्छ निघाली आणि १७ तारखेला एकदम तिळाएवढी ऊ सापडली, तर ती बाहेरून आली असण्याची शक्यता जास्त. चार दिवसांत पिल्लाची मोठी ऊ होत नाही. अशा वेळी औषध बदलून उपयोग नाही. मुलाच्या जवळच्या माणसांची पुन्हा तपासणी करायला हवी.

औषध थांबल्यावरही आठवडा-दोन आठवडे थोडी खाज राहू शकते. खाजेवरून नव्हे, फणीवरून ठरवा.

हे उपाय करू नका

सीताफळाच्या बियांची पूड केसांना लावू नका. ती डोळ्यात गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. डोळा लाल होतो, पाणी वाहते, प्रचंड वेदना होतात. तसे झाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

तेलात कापूर घालून लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. लहान मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात, आणि या वयाचे मूल तेलाची बोटे तोंडात घालतेच. रॉकेलने त्वचा भाजते, पेट घेण्याचा धोका असतो आणि ते फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो. झुरळे-मुंग्यांचे खडू आणि फवारे, जनावरांची गोचीड मारायची औषधे डोक्याला लावू नका. गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराईड असलेले जुने लोशनही लहान मुलांना वापरू नका, त्याचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

गोटा केल्याने उवा जातात हे खरे. पण आजीच्या केसांत उवा असतील, तर केस वाढताच त्या परत येतात.

पुन्हा होऊ नयेत म्हणून

डोक्यापासून दूर पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. त्यामुळे घरभर फवारणी करायची गरज नाही. उपचाराच्या आधीच्या दोन दिवसांत वापरलेले उशांचे अभ्रे, चादरी, टोप्या आणि टॉवेल गरम पाण्यात धुऊन वाळवा. धुता न येणारे कापडी खेळणे दोन आठवडे प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. कंगवे आणि फण्या दहा मिनिटे गरम पाण्यात बुडवा.

पाळणाघराच्या ताईंना त्याच दिवशी सांगा. सगळ्या पालकांनी एकाच आठवड्यात मुलांची डोकी तपासली, तरच साखळी तुटते. मुलाला त्यासाठी घरी ठेवण्याची गरज नाही. लांब केस असतील तर वेणी घाला किंवा घट्ट बांधा, आणि टोपी व कंगवा वेगळा द्या. पुढचे काही आठवडे न्हाणीच्या दिवशी एकदा फणी फिरवा. उवा नसताना "होऊ नयेत म्हणून" औषध मात्र लावू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

टाळूवर पू किंवा खपल्या दिसल्या, मानेमागे गाठी आल्या, ताप आला, पापण्यांच्या केसांत उवा किंवा लिखा दिसल्या, किंवा वर सांगितल्याप्रमाणे दोनदा औषध लावूनही जिवंत उवा राहिल्या, तर मुलाला दाखवून घ्या. औषध, कापूर किंवा रॉकेल पोटात गेले असेल तर उलटी करवू नका. बाटली किंवा पुडी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.